खुर्ची कुठे, कर तिथे

पगार सिंगापूरहून येतो, डॉलरमध्ये येतो, कंपनीचं भारतात कार्यालय नाही, आणि पगारातून इथे एक पैसाही कापला जात नाही. मग या पगारावर भारतात कर का भरायचा? घरात बसून परदेशी कंपनीचं काम करणारी पुष्कळ मंडळी वर्षभर मनाशी हाच युक्तिवाद घोळवत असतात. जुलै उजाडला की आयकर खात्याच्या संकेतस्थळावरचं आधीच भरलेलं विवरणपत्र उघडतात. तिथे पगाराच्या रकान्यात शून्य दिसतं आणि युक्तिवाद आणखी पक्का होतो. सरकारलाच ठाऊक नाही, तर आपण कशाला सांगा?

ते शून्य फक्त एवढंच सांगतं, की तुमच्या पॅनवर कुणी टीडीएस भरलेला नाही. उत्पन्न करपात्र आहे की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पगारावर कर कोणत्या देशाचा, हे ठरवताना कायदा चलन पाहत नाही, कंपनीचा पत्ता पाहत नाही आणि पैसे कोणत्या बँकेत पडले हेही पाहत नाही. तो दोनच गोष्टी विचारतो. तुम्ही त्या वर्षी कोणत्या देशाचे रहिवासी होता? आणि काम केलं तेव्हा तुमची खुर्ची कुठे होती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत सोपं असतं. एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहिलात, की तुम्ही रहिवासी. आधीची वर्षंही इथेच काढली असतील, तर जगात कुठेही मिळवलेलं उत्पन्न भारतात करपात्र ठरतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. भारतात दिलेल्या सेवेबद्दलचा पगार भारतातच मिळवला, असं ते कलम मानतं. पैसे सिंगापूरच्या खात्यात पडले आणि कधीच इकडे आले नाहीत, तरीसुद्धा.

हे कलम ९ किती दूरवर पोचतं, याची कल्पना परदेशातून परतलेल्यांना सहसा नसते. दहा वर्षं बाहेर काढून पुण्याला आलेल्या माणसाला पहिली एक-दोन वर्षं ‘रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नव्हे’ असा दर्जा मिळू शकतो. या दर्जाच्या माणसाच्या परदेशातल्या व्याजाला, भाड्याला इथे कर नसतो. हे कुणीतरी ओळखीचं सांगतं आणि तो त्याच सवलतीत जुन्या कंपनीचा पगारही घालून मोकळा होतो. पण ते काम तो आता कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून करतोय. तेव्हा तो पगार परदेशी उत्पन्न नाहीच. तो भारतातच मिळवलेला आहे आणि इथे दर्जाची सवलत चालत नाही.

याच्या उलट, दुबईत नोकरी करणारा मुलगा गणपतीला साताऱ्याला येतो आणि पाच आठवडे लॅपटॉपवर तिकडचंच काम करतो. कलम ९ त्यालाही गाठतं. मात्र त्याच्या मदतीला करार येतो. भारत आणि अमिराती यांच्यातल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात अल्प मुक्कामाची सूट आहे. मुक्काम १८३ दिवसांच्या आत, पगार देणारा भारताचा रहिवासी नाही आणि पगाराचा बोजा त्याच्या भारतातल्या कुठल्या कार्यालयावर पडत नाही, या तिन्ही अटी एकत्र जुळल्या तर भारत कर लावत नाही. मुलाकडे तिथल्या सरकारचा कर-रहिवासाचा दाखला मात्र हवा. तीन अटींची ही सूट लक्षात ठेवा. पुढे ती उलट्या बाजूने कामाला येणार आहे.

आता एक पूर्ण हिशेब करू. माणूस काल्पनिक आहे, नियम खरे आहेत. नाशिकमध्ये राहणारी एक सॉफ्टवेअर टेस्टर सिंगापूरच्या कंपनीत नोकरीला आहे. पगार महिन्याला ५,००० सिंगापूर डॉलर. कंपनीचं भारतात काही नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६. वर्षभर ती गंगापूर रोडवरच्या घरातून काम करते. फक्त ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे तीन महिने कंपनी तिला रीतसर वर्क पास काढून सिंगापूरला बोलावून घेते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. पण हे वर्ष जुन्या कायद्यातलं आहे, म्हणून इथे आकडे जुनेच दिले आहेत.

पहिली अडचण डॉलरचे रुपये करण्याची. सरळ वाटणारा मार्ग म्हणजे बँकेत जेवढे रुपये जमा झाले तेवढे मांडायचे. तो चुकीचा आहे. आयकर नियम ११५ सांगतो, की पगार ज्या महिन्यात देय झाला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर लावायचा. टीटी खरेदी दर म्हणजे परदेशातून बँकेमार्फत आलेलं चलन स्टेट बँक तुमच्याकडून ज्या भावाने विकत घेते तो. तुमचं खातं कोणत्या बँकेत आहे याला महत्त्व नाही. दर स्टेट बँकेचाच.

एप्रिलचा पगार घ्या. तो ३० एप्रिलला देय होतो, म्हणून दर ३१ मार्चचा. समजा तो ६४ रुपये होता. मग करासाठी एप्रिलचा पगार ३,२०,००० रुपये. प्रत्यक्षात पैसे २ मेला आले, त्या दिवशी बँकेने ६५ चा भाव दिला, शुल्क कापलं आणि खात्यात ३,२४,००० जमा झाले. विवरणपत्रात ३,२०,००० च लिहायचे. रुपया वधारला तर उलट होईल, म्हणजे हातात कमी पडतील आणि कर जास्तीच्या रकमेवर भरावा लागेल. त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही, कारण नियम दोन्ही दिशांना सारखाच कठोर आहे. पैसे परदेशातच ठेवले आणि सहा महिन्यांनी चांगला भाव पाहून आणले, तरी पगाराची रुपयांतली रक्कम तीच राहते.

म्हणजे वर्षाला बारा दर लागतात. स्टेट बँकेचं विनिमय दरांचं पत्रक रोज बदलतं. म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी ते उतरवून एका फोल्डरमध्ये टाकून ठेवावं. हे केलं नाही तर जुलैत मागचे बारा दर शोधत बसावं लागतं आणि तुमचा सीए त्या वेळी फोन उचलण्याच्या मनःस्थितीत नसतो. आपल्या हिशेबात मात्र गुंता नको, म्हणून सगळीकडे एकच दर, ६६ रुपये, धरू.

वर्षाचा पगार ६०,००० डॉलर, म्हणजे ३९,६०,००० रुपये. नव्या करपद्धतीत पगारदाराला मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट परदेशी कंपनीच्या पगारालाही मिळते. करपात्र उत्पन्न उरलं ३८,८५,०००. २०२५-२६ च्या टप्प्यांनुसार पहिल्या चोवीस लाखांवर कर होतो तीन लाख. वरच्या १४,८५,००० वर ३० टक्क्यांनी ४,४५,५००. दोन्ही मिळून ७,४५,५०० आणि त्यावर ४ टक्के उपकर २९,८२०. एकूण ७,७५,३२०. हा आकडा मनात ठेवा. सिंगापूरच्या मुक्कामाने यात काय फरक पडतो ते थोड्या वेळात पाहू.

त्याआधी हा कर कधी भरायचा? एरवी कंपनी दरमहा टीडीएस कापते आणि आपल्याला कराची तारीख माहीत असण्याची गरज पडत नाही. कायद्याने पाहिलं तर भारतातल्या कामाच्या पगारावर टीडीएस कापण्याची जबाबदारी परदेशी मालकावरही येते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एली लिली प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. व्यवहारात मात्र ज्या कंपनीचं इथे काही नाही ती भारतात टॅन काढायला जात नाही आणि कर भरण्याचं काम सरळ नोकरदाराच्या गळ्यात येतं. ते त्याने वर्षात चार हप्त्यांनी उरकायचं असतं. १५ जूनपर्यंत अंदाजित कराच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. यालाच आगाऊ कर म्हणतात.

न भरल्यास काय होतं, ते आपल्याच उदाहरणात पाहू. सिंगापूरमधल्या कराची वजावट धरून तिला भारतात ६,२६,८२० रुपये भरायचे आहेत, असं पुढे निघणार आहे. तिने वर्षभर काहीच भरलं नाही आणि ३१ जुलैला विवरणपत्र भरताना सगळी रक्कम एकदम भरली, तर हप्ते चुकल्याचं व्याज साधारण ३१,६५० रुपये आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचं महिना एक टक्का दराने साधारण २५,०७० रुपये. म्हणजे कोणतीही लबाडी न करता, निव्वळ माहीत नव्हतं म्हणून, ५६,७०० रुपयांच्या आसपास गेले. परदेशी पगाराच्या बाबतीत सर्रास होणारं आणि अगदी टाळता येण्याजोगं नुकसान ते हेच. मला विचाराल तर दर महिन्याला पगार आला की त्याचा पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा आणि तारखेला तिथून चलन भरावं.

हा पगारच आहे ना, हेही एकदा करारात पाहून घ्यायला हवं. अनेक परदेशी कंपन्या तोंडाने ‘एम्प्लॉयी’ म्हणतात आणि कागदावर ‘इंडिपेंडंट काँट्रॅक्टर’ लिहितात. तसं असेल तर ते पगाराचं उत्पन्न नव्हे, व्यवसायाचं. प्रमाणित वजावट नाही, पण खर्च वजा करता येतात, आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी दारात येऊन उभी राहते. पगाराला जीएसटी लागत नाही. पैसे येताना बँक जो हेतूचा कोड विचारते तोही याच्याशी जुळायला हवा. पगारासाठी `P1401`, सॉफ्टवेअर सल्लासेवेसाठी `P0802`. पगार घेणाऱ्याने बँकेच्या अर्जात घाईघाईने दुसरा कोड टाकला, की पुढे कधीतरी जीएसटी खात्याची विचारणा येते आणि ‘मी नोकर आहे, व्यावसायिक नाही’ हे सिद्ध करायला नेमणूक पत्र शोधावं लागतं. काही कंपन्या भारतातल्या मध्यस्थ संस्थेच्या पटावर माणूस ठेवतात आणि पगार रुपयांत, टीडीएस कापून देतात. अशा नोकरदारांना यातलं जवळपास काहीच लागू नाही.

आता सिंगापूर. नऊ महिने ती नाशिकमध्ये बसून काम करत होती, त्या नऊ महिन्यांच्या पगारावर सिंगापूर कर लावत नाही, कारण काम तिथे झालेलंच नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर मात्र खुर्ची सिंगापूरला होती. मघाची तीन अटींची सूट इथे उपयोगी पडेल का? मुक्काम ९२ दिवसांचा, म्हणजे १८३ च्या आत. पहिली अट जुळली. पण दुसरी म्हणते, पगार देणारा त्या देशाचा रहिवासी नको, आणि तिचा मालक तर सिंगापूरचाच. सूट गेली. लोक नेमके इथे फसतात. १८३ दिवस हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण ज्या देशातली कंपनी पगार देते त्याच देशात जाऊन काम केलं, तर करारातली ही सूट एका दिवसालाही मिळत नाही.

तिथला स्वतःचा कायदा थोडी ढिलाई देतो. अनिवासी नोकरदार वर्षात ६० दिवसांपर्यंतच तिथे काम करून परतला तर सिंगापूर त्याच्या पगाराला हात लावत नाही. ६१ ते १८२ दिवसांसाठी सपाट १५ टक्के किंवा तिथल्या रहिवाशाच्या दराने येणारा कर, यांपैकी जो जास्त असेल तो. पंधरा हजार डॉलरवर तिथल्या रहिवाशाला कर शून्य आहे, तेव्हा जास्तीचा अर्थातच १५ टक्के. तिचा तीन महिन्यांचा पगार १५,००० डॉलर आणि कर २,२५० डॉलर.

सिंगापूरमध्ये दरमहा कर कापण्याची पद्धत नाही. त्याऐवजी परदेशी कर्मचारी तीन महिन्यांहून जास्त काळासाठी देश सोडणार असेल, तर मालकाला आधी आयआर २१ हा अर्ज भरून त्याचं देणं रोखून धरावं लागतं. कर खातं आकडा कळवतं, मालक रोखलेल्या रकमेतून तो भरतो आणि उरलेले पैसे कर्मचाऱ्याला देतो. आपल्या टेस्टरला ऑक्टोबरच्या पगारात २,२५० डॉलर कमी मिळाले ते यामुळे. मालकाने ते नोव्हेंबरमध्ये भरले असं धरू.

भारतातल्या हिशेबात इथे एक चूक नेहमी होते. हातात आले २,७५० डॉलर, म्हणून ऑक्टोबरचा पगार २,७५० असा मांडला जातो. असं केलं तर परदेशातला कर खर्च म्हणून वजा केल्यासारखं होतं. पगार पुरे ५,००० च दाखवायचे आणि परदेशी कराची सूट वेगळ्या जागी मागायची.

ती सूट मिळते ती आयकर कायद्याच्या कलम ९० खाली, करारानुसार. भारत आणि सिंगापूर यांचा करार १९९४ पासून अमलात आहे आणि त्याची पद्धत अशी आहे, की भारताच्या रहिवाशाला भारत सगळ्या उत्पन्नावर कर लावणार, पण त्यातला जो भाग सिंगापूरमध्येही करपात्र होता, त्यावर तिथे भरलेला कर इथल्या करातून वळता करून देणार. किती वळता करायचा, हे नियम १२८ ठरवतो. तिथे भरलेला कर आणि त्याच उत्पन्नावर भारतात येणारा कर, या दोन्हींतला जो लहान असेल तेवढाच.

तिथे भरलेला कर २,२५० डॉलर. याही आकड्याला टीटी खरेदी दर लागतो, मात्र कर ज्या महिन्यात भरला गेला त्याच्या आधीच्या महिनाअखेरचा. म्हणजे नोव्हेंबरात भरला तर ३१ ऑक्टोबरचा. आपल्या ६६ रुपयांनी होतात १,४८,५००. आता भारतातला कर. वर्षाच्या बारा समान पगारांपैकी तीन तिथले, म्हणून एकूण ७,७५,३२० रुपयांचा चौथा हिस्सा, १,९३,८३०. लहान आकडा १,४८,५००. तो पूर्ण वळता होतो आणि भारताला देणं उरतं ६,२६,८२०.

दोन्ही देशांना मिळून तिने दिले किती? १,४८,५०० आणि ६,२६,८२०, म्हणजे ७,७५,३२०. तोच मघाचा आकडा. ती सिंगापूरला गेलीच नसती तरी एवढाच कर होता, आणि ५५ दिवसांत परतली असती तरी एवढाच. तिथला ६० दिवसांचा नियम सांभाळण्यासाठी विमानाची तिकिटं मागेपुढे करणारे लोक असतात. भारताच्या रहिवाशाला त्यातून एक रुपयाही वाचत नाही. फक्त पैसे कुणाच्या तिजोरीत जातात ते बदलतं.

उलट बाजू मात्र दुखरी आहे. समजा ती अशा देशात गेली असती जिथे तोच पगार २४ टक्क्यांनी कापला जातो. परदेशी कर झाला असता ३,६०० डॉलर, म्हणजे २,३७,६००. भारतात त्या उत्पन्नावरचा कर मात्र तेवढाच, १,९३,८३०. सूट तिथेच थांबते. वरचे ४३,७७० रुपये भारत परत देत नाही आणि पुढच्या वर्षाच्या करातूनही ते वळते होत नाहीत. कराराने एकाच पगारावर दोनदा कर बसू नये एवढं साधतं. दोन दरांतला जो चढा असेल तो तुम्हाला सोसावाच लागतो.

ज्या देशाशी करार नाही तिथल्या कराला कलम ९१ ची सूट आहे. पण तिला मोठी मेख आहे. उत्पन्न भारतात मिळवलेलं नसावं. घरी बसून केलेल्या कामाचा पगार कलम ९ मुळे भारतातला ठरतो, म्हणून ज्याने अशा देशाच्या कंपनीसाठी इथे बसून काम केलं आणि तिने तिकडचा कर कापला, त्याच्या हाती या कलमातून काही लागत नाही.

यावरून सगळ्यांत अवघड प्रसंगाकडे येऊ. अमेरिकेची एक कंपनी कोल्हापुरात बसलेल्या मुलाला आपल्या नेहमीच्या पगारपटावर घेते आणि इतर सगळ्यांसारखाच त्याच्याही पगारातून तिथला आयकर कापते. मुलगा निर्धास्त. ‘तिकडे कापलाय, इकडे करार आहे, वळता होईल.’ होत नाही. भारत आणि अमेरिकेतल्या कराराचा अनुच्छेद १६ म्हणतो, की भारताच्या रहिवाशाने अमेरिकेबाहेर केलेल्या नोकरीचा पगार फक्त भारतात करपात्र आहे. अमेरिकेचा स्वतःचा कायदाही काम जिथे झालं तिथलं उत्पन्न, असंच मानतो. म्हणजे कापलेला कर कुठल्याच हिशेबाने अमेरिकेचा नव्हता. जो कर लावण्याचा हक्कच त्या देशाला नव्हता तो भारताने का सोसावा, असं इथलं खातं म्हणतं आणि करारानुसार ते बरोबर आहे. मुलाला भारतात पूर्ण कर भरावा लागतो आणि कापलेला पैसा अमेरिकेकडून परत मागावा लागतो. त्यासाठी तिथलं अनिवासींचं विवरणपत्र १०४०-एनआर भरायचं आणि मुदतीच्या आत भरायचं. दरम्यान त्याचे पैसे दोन्हीकडे अडकलेले.

हे ओळखायची खूण सोपी आहे. पहिली पगारचिठ्ठी आली की ती शेवटपर्यंत वाचायची. ‘फेडरल इन्कम टॅक्स’ अशी ओळ दिसली आणि तुम्ही कोल्हापूर सोडून कुठे गेलेला नसाल, तर त्याच दिवशी कंपनीला लिहायचं, की काम पूर्णतः भारतात होतं आणि मी अमेरिकेचा रहिवासी नाही. ‘सोशल सिक्युरिटी’ आणि ‘मेडिकेअर’ या ओळीही तिथे असतील, तर अमेरिकन नागरिक नसलेल्या माणसाच्या भारतातल्या कामावर त्यासुद्धा लागू नाहीत. शिवाय ती वर्गणी आहे, आयकर नव्हे. तिची सूट कराराने कधीच मिळत नाही. एका पगाराची चूक कंपनी पुढच्या महिन्यात सहज दुरुस्त करते. बारा पगारांची दुरुस्त करायला तिचा लेखा विभाग राजी होत नाही, ‘तुम्हीच रिफंड मागा’ म्हणतो.

नाशिकला परत येऊ आणि कागद पाहू. तिला साधं आयटीआर १ चालत नाही, आयटीआर २ लागतं. त्यात शेड्यूल एफएसआय मध्ये सिंगापूरचा तीन महिन्यांचा पगार आणि तिथला कर, तर शेड्यूल टीआर मध्ये मागितलेली सूट. नाशिकमध्ये केलेल्या कामाचे नऊ पगार एफएसआय मध्ये घालायचे नाहीत, ते भारतातलं उत्पन्न आहे. सगळा पगार तिथे टाकणारे फार. मग परदेशी उत्पन्न चाळीस लाखांच्या घरात आणि परदेशी कर दीड लाखाच्या घरात असं विचित्र चित्र उभं राहतं.

सूट मागण्याचा खरा दस्तऐवज मात्र फॉर्म ६७ आहे आणि तो विवरणपत्रापासून वेगळा, आयकराच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. सोबत सिंगापूरच्या खात्याची कर आकारणीची सूचना आणि कर भरल्याचा पुरावा जोडायचा. विवरणपत्र वेळेत भरलेलं असेल तर हा फॉर्म करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे तिच्या बाबतीत ३१ मार्च २०२७ पर्यंत चालतो. तरीही तो विवरणपत्राच्या आधीच भरलेला बरा. बंगळुरूचं केंद्रीय प्रक्रिया केंद्र विवरणपत्र तपासतं तेव्हा फॉर्म ६७ हाती नसेल, तर सूट शून्य धरून १,४८,५०० रुपयांची मागणी व्याजासकट पाठवून देतं. उशिरा फॉर्म भरणाऱ्यांच्या बाजूने अपील न्यायाधिकरणाच्या काही खंडपीठांनी निकाल दिले आहेत. पण दीड लाखासाठी न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा अर्ज आधी भरणं स्वस्त.

एवढं करून तिचं एक काम उरतंच. सिंगापूरला पगारासाठी तिने तिथल्या बँकेत खातं उघडलं होतं आणि येताना ते बंद केलं नाही. आत आता फार तर दोनशे डॉलर आहेत. रहिवाशाने परदेशातलं प्रत्येक खातं शेड्यूल एफए मध्ये दाखवायचं असतं, शिल्लक कितीही असो. आणि ही एकच अनुसूची एप्रिल-मार्चऐवजी जानेवारी ते डिसेंबर या वर्षाने भरायची असते. न दाखवल्यास काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता मिळून वीस लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो दंड माफ आहे, पण दाखवण्याची सक्ती तशीच आहे. कंपनीने शेअर दिले असतील तर तेही याच रकान्यात येतात, आणि बाजारभाव चढला की वीस लाखांची ती मर्यादा पाहता पाहता ओलांडली जाते.